भात-चिकन आणि हाडांची उधारी

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या चिकूच्या वाडीतलं चार महिन्यांचं पिल्लू काकांनी माझ्या ओट्यावर आणून ठेवलं. वजन सहा किलोच्या आसपास, डोळे तजेलदार, अंगावर चमक. पण पुढचे दोन्ही पाय कंसासारखे बाहेर वाकलेले. उचलायला गेलं की केकाटायचं आणि दोन पावलं टाकून खाली बसायचं. "खायला कमी नाही हो," काका म्हणाले. "रोज ताजं चिकन, भात, वर अर्धा कप दूध. पायाचं सूप देतो. आणि ऊन तर आपल्या घोलवडला दिवसभर."

या चार वाक्यांत घरच्या अन्नाविषयीचे बहुतेक सगळे गैरसमज आले आहेत, म्हणून ती एकेक करून तपासतो. आधी माझी बाजू सांगतो. घरी शिजवलेलं अन्न कुत्र्याला वाईट असतं, असं मी म्हणत नाही. "आपण खातो ते चांगलं, म्हणजे त्यालाही पुरेसं" हा समज मात्र मला साफ अमान्य आहे.

पिल्लाच्या ताटाचा हिशेब करू. दिवसाला शिजलेला भात अडीचशे ग्रॅम, उकडलेलं बिनहाडाचं चिकन दीडशे ग्रॅम आणि अर्धा कप दूध मिळून साधारण साडेसहाशे कॅलरी होतात. या वयाला तेवढ्या पुरतात, म्हणूनच पिल्लू भुकेलं दिसत नव्हतं. कॅल्शियमचं चित्र वेगळं आहे. भातातून २५, चिकनमधून २२ आणि दुधातून दीडशेच्या आत, असे सगळे मिळून जेमतेम १९० मिलिग्रॅम जमतात. वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरींमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं. साडेसहाशे कॅलरींच्या हिशेबाने ते दोन ग्रॅमच्या जवळ जातं. म्हणजे पोट भरून खाणाऱ्या या पिल्लाला गरजेचा दहावा हिस्साच मिळत होता.

शरीर ही तूट सहन करत नाही, ती हाडांतून भरून काढतं. रक्तातलं कॅल्शियम खाली गेलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपला हार्मोन जास्त सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. रक्ताची पातळी ठीक राहते, हाड पोकळ होत जातं. त्यामुळे अशा पिल्लाची रक्ततपासणी केली तर कॅल्शियम बहुधा नॉर्मल येतं आणि मालक निश्चिंत होतो. खरी गोष्ट एक्स-रेवर दिसते. हाडाची बाहेरची भिंत कागदासारखी पातळ होते, वजन पेलताना लांब हाडं वाकतात आणि कधी कोवळ्या फांदीसारखी अर्धवट मोडतात. काकांच्या पिल्लाच्या एक्स-रेत हेच होतं.

आता दूध. अर्धा कप दुधाने मन भरतं, गरज भरत नाही. दोन ग्रॅम कॅल्शियम फक्त दुधातून द्यायचं तर सहा किलोच्या पिल्लाला रोज दीड लिटरपेक्षा जास्त पाजावं लागेल. हागवण लागेल आणि बाकीचं काही खायला पोटात जागाच उरणार नाही.

पायाच्या सुपावर माणसांचा तर आंधळा विश्वास आहे. हाड तासभर उकळलं की त्यातला जिलेटिनचा चिकटपणा आणि थोडी चरबी रस्शात उतरते. कॅल्शियम बहुतांश हाडातच राहतं आणि ते हाड आपण फेकून देतो. चव म्हणून सूप द्या, कॅल्शियम म्हणून देऊ नका.

आणि ऊन. मुलाला ऊन दिलं की हाडं घट्ट होतात, हे माणसांच्या बाबतीत खरं आहे. कुत्र्याची त्वचा उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही, त्याला ते अन्नातूनच घ्यावं लागतं. बोर्डीच्या किनाऱ्यावर दिवसभर लोळणाऱ्या कुत्र्यालाही या बाबतीत सूर्याची मदत नाही. हे ऐकून कुणी घरातलं साठ हजार युनिटांचं सॅशे कुत्र्याच्या भातात कालवू नये, हेही लगेच सांगतो. पंधरा किलोच्या कुत्र्याची रोजची गरज शंभराच्या थोडी वर असते. एका सॅशेत त्याची दीड वर्षाची बेगमी असते. एवढा डोस एकदम गेला की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

"आमच्या आजोबांची कुत्री भाकरीवर जगली" हा दाखला हमखास दिला जातो. त्या कुत्र्यांना आपण भाकरी टाकत होतो, पण ती फक्त भाकरी खात नव्हती. ती झाईच्या किनाऱ्यावर माशांची डोकी चघळायची, खेकडे पकडायची, उंदीर हाडांसकट खायची. आणि एका वेतातली किती पिल्लं पहिल्या पावसाळ्यात गेली, याची नोंद कुणी ठेवली नाही. आपण मोजतो ती जगलेली. आजचं वाडीतलं कुत्रं कुंपणाच्या आत असतं. त्याच्या ताटाबाहेर त्याला काहीच मिळत नाही.

नाचणीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं यापेक्षा वजनदार आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर नाचणी रोजच्या जेवणात असते आणि तिच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. प्रौढ कुत्र्याच्या ताटातला भात काढून तिथे नाचणी घातली, तर कॅल्शियमची तूट जवळजवळ निम्म्यावर येते. पण नाचणीतलं फायटेट खनिजांना बांधून ठेवतं, त्यामुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही आणि आधीच कमी असलेलं जस्त आणखी अडकतं. तेव्हा नाचणी जरूर द्यावी, पण तिच्या भरवशावर कॅल्शियम बंद करू नये.

तर प्रौढ कुत्र्यासाठी घरी शिजवायचं कसं? पंधरा किलोचं कुत्रं घ्या. रोजचं अडीचशे ग्रॅम शिजलेलं चिकन, तीनशे ग्रॅम भात आणि चमचाभर तेल हे सुमारे साडेआठशे कॅलरींचं ताट आहे. यात कॅल्शियम ७० मिलिग्रॅमही नाही आणि फॉस्फरस मात्र ७०० च्या घरात. कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं असायला हवं, इथे प्रमाण एकास दहाचं उलटं पडलं आहे. अंड्याचं टरफल धुवून, उकळून, कडक वाळवून मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत वाटा. चाळणीतून काढा, कारण बोटाला खरखरीत लागणारी भुकटी नीट शोषली जात नाही. अशा भुकटीच्या सपाट चमचाभरात, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास, दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. या कुत्र्याला रोज अर्ध्या चमच्याला थोडं कमी पुरेल.

एवढ्याने कॅल्शियम भागलं. जस्त अजून गरजेच्या एक तृतीयांश आहे, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्वंही तोकडी आहेत. आठवड्यातून दोनदा बिनकांद्याचा, शिजवलेला बांगडा किंवा तारली दिली तर ड थोडं येतं. जस्तासाठी मात्र घरच्या अन्नात मिसळायची, कुत्र्यांसाठीची जीवनसत्त्व-खनिजांची पूड लागतेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती अन्नाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक कमी होता, आणि या कृती पशुवैद्यांच्या पुस्तकांतूनही घेतलेल्या होत्या. म्हणून "मी आज गाजर घालतो, उद्या पालक" असं आलटून-पालटून सगळं आपोआप भरून निघेल, हे मला पटत नाही. जस्त आज कमी आणि उद्याही कमी असलं, तर भाजी बदलून ते वाढत नाही.

पिल्लाला टरफलाची भुकटीसुद्धा अपुरी पडते. त्याला फॉस्फरसही कमी पडतो आणि टरफलात फॉस्फरस नावापुरताच. हे गणित हाडांच्या पिठाने किंवा डायकॅल्शियम फॉस्फेटने, डॉक्टरकडून तोलूनमापून जुळवावं लागतं. ते जमत नसेल, तर वाढीच्या वयात पिल्लासाठी बनवलेलं कोरडं पॅकेटचं अन्न द्यावं. घरी शिजवण्याची माझी ओढ तिथे थांबते.

आता कच्च्या मांसाचा आग्रह धरणारे. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या पुस्तकापासून ही लाट पसरली. "कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला पिठूळ अन्न नको" हा तिचा पाया. तोच कच्चा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात लांडग्यांमध्ये स्टार्च पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती आढळल्या, कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याशेजारी राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. मांसाबरोबर कच्ची, चावता येण्याजोगी हाडं दिली तर कॅल्शियमची तूट भरते, आणि शिजवलेल्या हाडासारखी ती टोकदार फुटत नाहीत. पण आपल्या किनाऱ्यावर, नाक्यावरच्या दुकानातून उघड्यावरचं चिकन आणून ते कच्चं देणं मला धोक्याचं वाटतं. नेदरलँड्समध्ये २०१८ साली तपासलेल्या ३५ गोठवलेल्या कच्च्या अन्नांपैकी पाचव्या हिस्स्यात साल्मोनेला होता. तिथली शीतसाखळी आपल्या मे महिन्याच्या दुपारी नाही. कुत्रं आजारी न पडताही विष्ठेतून तो जंतू बाहेर टाकतं आणि घरातलं रांगतं मूल त्याच फरशीवर खेळतं. बोकडाची कच्ची कलेजी-फुप्फुसं याहून धोक्याची. त्यांत पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात, त्या खाणाऱ्या कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात तसल्याच गाठी होतात, आणि त्या काढायला अनेकदा शस्त्रक्रिया लागते. उकळून शिजवलं की हा धोका संपतो.

कोरड्या अन्नाला सरसकट "विष" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. पिल्लासाठी ते चांगलं, कारण त्याचा हिशेब आधी केलेला असतो. पण दोन अटी आहेत. पॅकेटवर ते संपूर्ण आणि संतुलित आहे, आणि कुठल्या वयासाठी आहे, हे लिहिलेलं हवं. आणि उघड्या पोत्यातून किलोवर विकलं जाणारं सुटं घेऊ नका. पोतं कधी उघडलं, कोणतं होतं, तारीख काय, काहीच कळत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत उघड्या दाण्यांतलं तेल खवट होतं आणि बुरशी धरते. ज्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन येतं तिने २००५ च्या अखेरीस अमेरिकेत अनेक कुत्र्यांची यकृतं निकामी केली होती. म्हणून महिनाभरात संपेल एवढीच पिशवी आणावी, ती मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवावी. आणि वरून कॅल्शियमचं सिरप घालू नये. मोठ्या जातीचं पिल्लू सहा महिन्यांपर्यंत जादा कॅल्शियम शोषणं थांबवू शकत नाही, त्यानेही हाडं बिघडतात.

काकांच्या पिल्लाला डॉक्टरांनी कॅल्शियमचं एकही इंजेक्शन दिलं नाही. पिल्लासाठीचं पॅकेट आणि उड्या मारू न देता छोट्या जागेत विश्रांती, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात उचलल्यावर ते केकाटायचं थांबलं. दोन महिन्यांनी एक्स-रेत हाडाची भिंत पांढरी, जाड दिसू लागली. पुढच्या पायांचा बाक मात्र पूर्ण गेला नाही. आता ते वर्षाचं झालंय, वाडीच्या पाटावरून सहज उडी मारतं, आणि चालताना त्याचे पंजे अजून बाहेर पडतात. काकूंनी स्वयंपाकघरात तराजू घेतलाय. त्याच्यासाठी चिकन शिजतं, भात शिजतो, आणि फडताळात टरफलाच्या भुकटीची बाटली असते.