अंगठे का धरता येत नाहीत?

दिवसभर कचेरीत खुर्चीवर आणि संध्याकाळी घाटकोपरची गाडी, असा आमचा दिनक्रम. गुडघे ताठ ठेवून वाकलो की हात नडगीच्या मध्यावरच अडकत. आम्ही कमरेला दोष देत होतो. मग गुडघे थोडे दुमडून वाकून पाहिले, तर बोटे सहज पायाला लागली! अडवणूक मांडीच्या मागच्या स्नायूंची होती. हे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत जातात. ते आखडले की वाकताना कंबर खुब्यातून पुढे कलत नाही, नुसती पाठ गोल होते.

पूर्वी आम्ही झटके देऊन वाकत असू. त्याने स्नायू उलट आवळतो. आता चटईवर उताणे पडतो. एक पाय जमिनीवर सरळ, दुसऱ्याच्या तळव्याला जुनी ओढणी अडकवून तो हळू वर घ्यायचा. गुडघा किंचित सैल राहिला तरी चालेल. मांडीमागे ताण जाणवला की थांबून, श्वास न रोखता 30 सेकंद. प्रत्येक पाय दोनदा, आठवड्यातून पाच दिवस.

सहा आठवड्यांत आमची बोटे घोट्यापर्यंत आली. सुरुवातीचा हा फरक बहुतेक ताण सोसण्याच्या सवयीचा असतो. स्नायू लांबायला त्याहून जास्त काळ लागतो, आणि सोडले की परत आखडतो. मात्र पोटरीतून पावलापर्यंत मुंग्या किंवा चमक आली तर ती शिरेची तक्रार समजावी. ताणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.