माणूस नका तपासू, मजकूर तपासा

आपल्या जिल्ह्यातल्या ग्रुपांवर सध्या एक नवीन खूळ आलंय. कुणी चार परिच्छेद नीट, शुद्धलेखन सांभाळून लिहिले की खाली कमेंट येते, "हे एआयचं कॉपी-पेस्ट दिसतंय." मग हसण्याच्या इमोजींची रांग लागते. अ‍ॅडमिन पोस्ट उडवतो. लिहिणारा माणूस दोन दिवस खुलासे देतो आणि तिसऱ्या दिवशी ग्रुप सोडतो.

मी सदस्य असलेल्या एका शेतीच्या ग्रुपवर मागच्या हंगामात नेमकं हेच झालं. ग्रुपचं नाव घेत नाही, कारण अशीच गत बहुतेक ठिकाणी आहे. बदनापूर भागातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मोसंबीच्या फळगळीवर लिहिलं होतं. मुद्द्यांना एक-दोन-तीन असे आकडे, वाक्यं पूर्ण, 'तथापि' आणि 'परिणामी' असे शब्द. झालं! "सर, मशीनचा कचरा इथं टाकू नका." ज्या माणसाने तीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, त्याला शुद्ध लिहिण्याची शिक्षा मिळाली.

त्याच आठवड्यात दुसरी पोस्ट आली. सुरुवात "राम राम शेतकरी बांधवांनो" अशी, भाषा मोकळी. तिला दीडशे लाईक. तिच्यात फळगळीवर टू-फोर-डीची फवारणी सांगितली होती, "15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम".

आता गणित करा. फळगळीसाठी टू-फोर-डीची जी शिफारस असते ती 15 पीपीएमची. एक पीपीएम म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. म्हणजे 100 लिटर पाण्याला दीड ग्रॅम, आणि 15 लिटरच्या पंपाला पाव ग्रॅमपेक्षाही कमी. पोस्टमधली मात्रा त्याच्या साठपटीहून जास्त! टू-फोर-डी हे मुळात रुंद पानांच्या तणाचं तणनाशक आहे. फळगळीला ते अगदी सूक्ष्म मात्रेत वापरतात. साठपट मारलं तर मोसंबीची पानं आकसतील, आणि वाऱ्याने उडालं तर शेजाऱ्याची कपाशीही जाईल. कपाशी या औषधाला किती नाजूक असते ते आपल्याकडे सांगायची गरज नाही. (फवारणी करायचीच असेल तर बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. माझ्या पोस्टवरून करू नका.)

ती पोस्ट टाकणाऱ्याला एकाने विचारलं, "भाऊ, तुमची बाग कुठं? कोणत्या बहाराला मारलं?" उत्तर नाही. त्याच खात्यावरून पुढच्या दहा मिनिटांत सोयाबीन, दुधाळ म्हैस आणि पीक कर्ज अशा तीन विषयांवर तीन लांबलचक पोस्ट पडल्या. तिघींचा साचा एकच. तरीही अ‍ॅडमिन लोकांचं लक्ष गुरुजींच्या 'तथापि'वर!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. भाषा बघून मशीन ओळखता येतं हा भ्रम आधी सोडा.

कुणी म्हणेल, ओळखायची अ‍ॅप आहेत ना, त्यात टाकून बघू. तर ऐका. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी 2023 मध्ये असं ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत त्याने मशीनने लिहिलेल्या मजकुरांपैकी फक्त 26 टक्के पकडले आणि माणसांनी लिहिलेल्यांपैकी 9 टक्के मशीनचे ठरवले. तेही इंग्रजीत. इतर भाषांत वापरू नका असं त्यांनीच सांगितलं होतं. जुलै 2023 मध्ये त्यांनी ते बंद केलं.

9 टक्के म्हणजे थोडेच, असं वाटतं. आपल्या ग्रुपवर बसवून बघा. समजा आठवड्याला 200 पोस्ट येतात आणि त्यातल्या 20 मशीनच्या आहेत. ते साधन त्या 20 मधल्या पाच पकडेल. उरलेल्या 180 खऱ्या पोस्टींपैकी 16 जणांवर मात्र आळ येईल. म्हणजे पकडलेल्या 21 मध्ये 16 निर्दोष! असा निकाल देणारा पंच गावच्या कबड्डीतही कुणी चालवून घेणार नाही. नंतरची साधनं सुधारली असतील, पण ज्या ग्रुपवर बहुतेक माणसं खरी आहेत तिथं थोडीशी चूकसुद्धा खऱ्या माणसांच्याच माथी बसते. हे गणित साधन बदलल्याने बदलत नाही.

आणि चूक कुणाच्या माथी बसते तेही पाहा. 2023 मध्येच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी परीक्षेत लिहिलेले 91 निबंध त्यांनी दिले. सरासरी 61 टक्के निबंध मशीनचे ठरले. शब्दसाठा मोजका, वाक्यं ठरावीक, म्हणून मशीन! आपल्याकडे हेच होतं. पुस्तकी मराठी लिहिणारा शिक्षक, अर्जाच्या भाषेत लिहिणारा तलाठी, बोलून टाइप करणारा शेतकरी, पोराकडून लिहून घेणारी बचत गटाची ताई, हिंदीतून भाषांतर करून टाकणारा दुकानदार, यांची भाषा 'नेहमीसारखी' वाटत नाही. संशय यांच्यावरच येतो.

मग काय, डोळे मिटून बसायचं? अजिबात नाही. मशीनच्या मजकुराने ग्रुप बुजले तर नुकसान आपलंच आहे. पण बघायच्या खुणा वेगळ्या आहेत.

पक्की खूण म्हणजे कॉपी करताना मागे राहिलेलं उष्टं. "नक्कीच! तुमच्यासाठी खाली पोस्ट तयार केली आहे" अशी सुरुवात, कंसात "येथे आपल्या गावाचे नाव लिहा", शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या, किंवा लिंकच्या शेपटीला `utm_source=chatgpt.com`. इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी ऑगस्ट 2025 मध्ये लेख तातडीने काढण्याचा नियम केला तोही अशाच खुणांवर: वापरणाऱ्याला उद्देशून आलेली वाक्यं तशीच राहिलेली, नाहीतर अस्तित्वातच नसलेले संदर्भ. लेखनशैलीवरून तातडीने काढायचं त्यांनी टाळलं. पण लिंकची शेपटीसुद्धा इतकंच सांगते की ती लिंक कुठून उचलली. पोस्ट कुणी लिहिली ते त्यावरून ठरत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी खूण वागण्यात असते. दहा मिनिटांत चार विषयांवर ज्ञान, प्रतिप्रश्नाला मौन, आणि कुठल्याही गावाला लागू पडेल असा मजकूर. गुरुजींना कुणी विचारलं असतं तर त्यांनी झाडांची संख्या, विहिरीचं पाणी आणि मृग धरला की आंबे बहार, सगळं सांगितलं असतं. विचारलंच नाही कुणी!

अ‍ॅडमिन मंडळींना शिकवायचं तर रविवारचे दोन तास पुरतात. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं 30 नोव्हेंबर 2022 ला. त्याआधीच्या आपल्याच ग्रुपवरच्या दहा लांब पोस्ट काढा. त्या चॅटजीपीटीच्या नाहीत, हे तारीखच सांगते. दहा पोस्ट चॅटजीपीटीकडून लिहून घ्या, त्यातल्या निम्म्या "गावाकडच्या भाषेत लिही" असं सांगून. नावं काढून वीसही सरमिसळ करा. प्रत्येक अ‍ॅडमिनने एकमेकांचं न बघता खूण करायची आणि कारण लिहायचं. मग उत्तरं उघडा. किती मशीन पकडली हे नंतर मोजा. आधी मोजा की किती खरी माणसं तुम्ही चोर ठरवली, आणि कोणत्या कारणाने. "भाषा फार शुद्ध" हे कारण कुणाकुणाला तोंडघशी पाडतं ते समोरच दिसेल. हा धडा भाषण देऊन बसत नाही.

त्यानंतर कामाची पद्धत ठरवा. शंका आली की आधी खासगीत मेसेज. त्यात "एआय वापरलं का?" हा प्रश्न नको. खोटारडा "नाही" म्हणेल आणि खरा माणूस दुखावेल. विचारायचं ते असं: "दादा, ही मात्रा कुठून घेतली? तुमच्या बागेत वापरली का?" ज्याने चॅटजीपीटीकडून फक्त शुद्धलेखन करून घेतलं पण अनुभव स्वतःचा आहे, तो उत्तर देईल. त्याला राहू द्या. औषधाची मात्रा, सरकारी योजनेची तारीख, कुणावरचा आरोप, या तीन गोष्टींना आधार लागेल असा नियम सगळ्यांना सारखा लावा, शुद्ध लिहिणाऱ्याला आणि "राम राम" म्हणणाऱ्यालाही. आधार नसेल तर पोस्ट थांबवा आणि एवढंच लिहा: "माहिती तपासेपर्यंत थांबवली आहे." मात्रेसारखी घातक चूक असेल तर उत्तराची वाट न बघता थांबवा. मात्र कुणाला ग्रुपबाहेर काढायचं तर दोन अ‍ॅडमिनचं एकमत हवं, आणि त्याची बाजू तिसऱ्याने ऐकलेली हवी.

"आम्ही फुकटात राबतो, वर एवढी कटकट?" हा राग मला कळतो. स्टॅक ओव्हरफ्लो या संगणकवाल्यांच्या संकेतस्थळावर 2023 मध्ये हेच पेटलं होतं. कंपनीने स्वयंसेवकांना सांगितलं, एआयच्या संशयावरून लोकांना काढणं थांबवा, निर्दोष सापडताहेत. स्वयंसेवक म्हणाले, तुम्ही आमचे हात बांधताय, कचरा वाढेल. जूनमध्ये त्यांनी संप केला आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली. माझ्या मते दोघांचंही अर्धं बरोबर होतं. हात बांधायचे नाहीत, पण हात कुठं घालायचा ते शिकवायचं.

काही अ‍ॅडमिन भीतीपोटी घाईने काढतात, उद्या पोलीस आपल्या दारात येतील म्हणून. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीची संगनमत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा दोन तास थांबून विचारपूस करायला हरकत नाही.

या पद्धतीने मशीनच्या काही पोस्ट सुटतील, हे मान्य. बिनचूक पण मशीनने लिहिलेली पोस्ट सुटली तर बागेचं काही बिघडत नाही. मात्रा चुकलेली पोस्ट मात्र माणसाने लिहिली असली तरी सुटता कामा नये. आणि अनुभवी माणूस अपमानाने निघून गेला तर त्याच्यासोबत तीस वर्षांची माहिती जाते, ती कुठलं मशीन भरून देणार?

तुमच्या ग्रुपवरून मागच्या वर्षभरात 'एआय' म्हणून किती जणांना काढलं, आणि काढण्याआधी त्यातल्या किती जणांना एक तरी प्रश्न विचारला होता? अ‍ॅडमिन मंडळींनी खाली लिहावं. आकडा शून्य असला तरी लिहा.