मोहल्ल्यातली शाळा फॉर्ममध्ये का नाही?

दरवर्षी आरटीईचे ऑनलाइन फॉर्म सुरू झाले की मोहल्ल्यातले पालक माझ्याकडे येतात. एकदा एका बाजींनी विचारलं, "सर, समोरच्या गल्लीतली आपल्याच लोकांची इंग्रजी शाळा या यादीत का दिसत नाही?" त्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे, एवढं उत्तर मी दिलं. ते बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं.

पुरेसं उत्तर शोधताना अमेरिकन विधिज्ञ रॉस्को पाउंड (1870–1964) उपयोगी पडतात. मूळचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक असलेले पाउंड पुढे हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे डीन झाले. कायदा म्हणजे केवळ कलमांची तर्कशुद्ध मांडणी नाही, त्याचा समाजावर काय परिणाम होतो ते पाहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. या विचाराला समाजशास्त्रीय विधिशास्त्र म्हणतात. समाजात माणसांच्या गरजा आणि हक्क एकमेकांवर आदळतात. कमीत कमी घर्षणात जास्तीत जास्त लोकांच्या गरजा भागतील अशी रचना कायदा करणाऱ्याने इंजिनिअरसारखी उभी करावी, असं ते म्हणत. यालाच त्यांनी सामाजिक अभियांत्रिकी म्हटलं. पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा यांत अंतर पडतं, हे त्यांनी 1910 सालीच लिहून ठेवलं होतं.

आता 2009 चा शिक्षण हक्क कायदा घ्या. त्याचं कलम 12(1)(ग) सांगतं की खाजगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा परिसरातल्या दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्यात आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवावं. बदल्यात सरकार शाळेची फी किंवा स्वतःचा प्रति विद्यार्थी खर्च, यांतली कमी असेल ती रक्कम देतं. यात गरीब मुलाला शाळा मिळते, संस्थाचालकाचा शाळा चालवण्याचा हक्क शाबूत राहतो आणि श्रीमंत-गरीब मुलं एका बाकावर बसल्याने समाजाचंही हित साधतं. पाउंडच्या भाषेत हा तीन हितांचा मेळ आहे.

व्यवहारात हा मेळ कुठे तुटतो हेही दिसतं. सरकारकडून परतावा थकतो ही संस्थाचालकांची जुनी तक्रार आहे. आठवी संपली की फी पालकांच्या गळ्यात पडते. 9 फेब्रुवारी 2024 ला महाराष्ट्र सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा जवळपास सगळीकडेच असते, म्हणजे कलम कागदावर राहिलं आणि जागा गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला ती अधिसूचना रद्द केली.

आता बाजींचा प्रश्न. संविधानाच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापून चालवण्याचा हक्क आहे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि 2014 च्या प्रमती निकालात सर्वच अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून बाहेर ठेवलं. संस्थेचं स्वरूप जपण्याचं हित जिंकलं. पण त्याच समाजातल्या गरीब मुलाचं हित त्या तराजूत तोललं गेलं का? सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमतीबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्यातला एक प्रश्न असा, की या 25 टक्के जागा त्याच अल्पसंख्याक समाजातल्या दुर्बल मुलांना देता आल्या नसत्या का?

इथे पाउंडची मर्यादाही कळते. हितं मोजा असं ते सांगतात, पण दोन हितं भिडली तर कोणतं जड मानायचं याचं पक्कं माप त्यांच्याकडे नाही. ते माप आपल्यालाच ठरवावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. कलम 30 ही आपल्या समाजाची ढाल आहे, ती कमजोर होऊ नये. पण ढाल संस्थेच्या ऑफिसासाठी नाही, मुलांसाठी आहे. आपल्याच मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याच्या मुलीला पहिलीत बसवल्याने कोणत्या शाळेचं मुस्लिम स्वरूप बिघडतं? सूट म्हणजे मनाई नव्हे. मोठ्या पीठाची वाट न पाहता आपल्या संस्था पुढच्या जूनपासून या जागा स्वतःहून देऊ शकतात. सरकारी परतावा नसेल तर फीचा भार कसा उचलायचा, जकातीतून काही करता येईल का, हे विश्वस्तांनी उलेमांना विचारून ठरवावं.

त्या बाजींच्या मुलीला लॉटरीत दुसरी शाळा लागली, रोज बसने जाते. समोरच्या शाळेची घंटा मात्र तिला घरातच ऐकू येते.