नुसतं ‘हाय’ आलं... आता काय?

शनिवार दुपार. चप्पल लाईनमधल्या एका मित्राच्या दुकानात मी चहा पीत बसलेलो. काउंटरवर गिऱ्हाईक, आणि कॅलेंडरखाली चार्जिंगला लावलेला दुकानाचा फोन टिंग टिंग करतोय. सगळ्या मेसेजेसची सुरुवात एकच. ‘Hi’. ‘Hello’. ‘hii’. पुढे काही नाही!

“बघितलंस? नुसतं हाय म्हणतेत लोकं. पुढं काय बोलायचं सांग की,” मित्र वैतागला. “म्हणून ऑटो लावून टाकलंय. आपोआप जातंय उत्तर.”

आपोआप जाणारं उत्तर असं होतं: ‘नमस्कार! आपले सहर्ष स्वागत. आमच्या नवीन कलेक्शनसाठी कॅटलॉग पाहा.’ सोबत हात जोडलेले, फुलं, आणि चपलेचा एक इमोजी. एकदम कूल. फक्त एक चॅट वर सरकवून पाहिलं आणि चहा गार झाला.

सांगलीच्या एक ताई. सकाळी 11 वाजून 5 मिनिटांनी त्यांचं ‘Hi’. लगेच आपलं सहर्ष स्वागत. 11 वाजून 20 मिनिटांनी त्यांचं ‘??’. मग शांतता. त्याच चॅटमध्ये वर महिनाभरापूर्वीचं बोलणं होतं: कापशीचा एक जोड, भावाच्या लग्नासाठी, लग्नाची तारीखसुद्धा लिहिलेली. म्हणजे येता सोमवार! मित्राने फोन केला. पट्टा तळव्यातून उसवला होता. सकाळी अकराला कळलं असतं तर त्या दुपारी येऊन शिवून घेऊन गेल्या असत्या. सांगली काय, पन्नासेक किलोमीटर. आता त्यांच्या घरी पाहुणे आले होते. “राहू दे, मी इथून दुसरी घेतली,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुकान बदनाम झालं नाही, कुणी भांडलंही नाही. एक गिऱ्हाईक तेवढं गेलं. आणि मित्राला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, की ‘हाय’ म्हणणारी माणसं टाईमपास करतात.

तर मंडळी, पहिला फंडा हा. नुसतं ‘हाय’ म्हणजे दारावरची टकटक. आपण लँडलाईनवर ‘हॅलो’ म्हणून थांबायचो ना, पलीकडे कोणी आहे का बघायला? तेच. समोरच्याला तीन गोष्टी कळायच्या असतात: तिकडे माणूस आहे का, नंबर बरोबर लागला का, आणि आपल्या भाषेत बोललं तर चालेल का. म्हणून पहिल्या उत्तराचं काम माल दाखवणं नाही. समोरच्याला दुसरा मेसेज लिहिणं सोपं करून देणं, बस्स!

आधी वर सरकवा

उत्तर टाईप करण्याआधी त्या नंबरचं जुनं बोलणं पाहा. दहा सेकंद लागतात. जुन्या गिऱ्हाईकाचं ‘हाय’ बऱ्याचदा तक्रारीचं असतं, कारण तक्रार कशी सुरू करायची हे माणसाला सुचत नाही. त्याला नवीन कलेक्शन दाखवणं म्हणजे दवाखान्यात आलेल्याला मेन्यूकार्ड देणं.

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या अॅपमधला ग्रीटिंग मेसेज दोन वेळा जातो: कोणी पहिल्यांदाच लिहिलं तेव्हा, आणि 14 दिवस काहीच बोलणं झालं नसेल तर पुन्हा. सांगलीच्या ताई नेमक्या इथेच सापडल्या. उपाय अॅपमध्येच आहे. ग्रीटिंग कोणाला जावं हे निवडता येतं. तिथे फोनबुकमध्ये नसलेल्यांनाच पाठवा, असा पर्याय आहे, तो घ्या. आणि प्रत्येक खरेदीनंतर गिऱ्हाईकाचा नंबर सेव्ह करा. मग जुन्या माणसाला मशीन बोलणार नाही, तुम्ही बोलाल. असं:

“नमस्कार, दुकानातून बोलतोय. मागच्या महिन्यात तुम्ही कापशी नेली होती, बरोबर? ती ठीक आहे ना, की नवीन काही बघताय?”

‘ठीक आहे ना’ हे आपणच आधी विचारलं, की समोरच्याचा अर्धा राग तिथेच उतरतो. तक्रार करायला त्याला परवानगी मिळालेली असते.

एकच प्रश्न, आणि तोही सोपा

‘आम्ही आपली काय मदत करू शकतो?’ हा प्रश्न दिसायला नम्र, पण उत्तर द्यायला अवघड. समोरच्याला आता निबंध लिहावा लागणार! दुसरं टोक म्हणजे नाव, गाव, साईझ, बजेट, पिनकोड, सगळं एकदम विचारणं. ते वाचून माणूस पळतो. मधला रस्ता असा, की एका शब्दात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारायचा. नवीन गिऱ्हाईकासाठी नमुना:

“नमस्कार! चप्पल लाईनमधून बोलतोय. चप्पल स्वतःसाठी हवी आहे, भेट द्यायला, की दिलेल्या ऑर्डरबद्दल विचारायचंय?”

यात तीन गोष्टी आहेत. नमस्काराला नमस्कार. कोण बोलतंय ते. आणि निवडायला पर्याय. तेवढंच. साईझ नंतर. हाताने शिवलेल्या चपलेची साईझ कंपनीच्या बुटासारखी नुसत्या आकड्यावर भागत नाही. कागदावर पाय ठेवून पेनाने आखून फोटो मागवावा लागतो, पायाची रुंदीही लागते. ही मागणी पहिल्याच मेसेजमध्ये केली तर बिचारा ‘हाय’ म्हणून फसला असं व्हायचं! त्याने ‘स्वतःसाठी’ असं लिहिलं, की मग:

“छान. रोज वापरायला, की लग्नकार्याला? तसे दोनच फोटो पाठवतो.”

दोनच. बारा फोटो पाठवले की माणूस ‘बघून सांगतो’ म्हणतो, आणि ते ‘बघून सांगतो’ कधीच येत नाही, हे तुम्हाला मुली-मुलं बघण्याच्या कार्यक्रमांवरून माहीत असेलच.

दादा, ताई, भावा?

काउंटरवर ‘या की भावा’ म्हटलं तर कोल्हापुरात कुणाला राग येत नाही. चॅटवर मात्र समोर कोण आहे ते दिसत नाही. प्रोफाईल फोटोत अंबाबाई, नाहीतर कुणाचं तरी गोड बाळ. फोटो आजोबांचा आणि टाईप करतेय नात, असंही होतं. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये साधं ‘तुम्ही’. नाव कळलं, की पुढे दादा-ताई आपोआप येतं.

भाषेचंही तसंच. ‘Hi’ला भाषा नसते. निपाणी, बेळगाव, हुबळीकडचं गिऱ्हाईक आपल्या गावाला नवीन नाही. दुकानात कन्नड येणारं कोणी असेल, तरच शेवटी जोडा: “मराठी, हिंदी, कन्नड, काहीही चालेल.” येत नसेल तर लिहू नका. पुढच्याच मेसेजला फजिती होते.

रात्री 11चं ‘हाय’

ऑफिसवाली मंडळी शॉपिंग करतात जेवण झाल्यावर. तेव्हा दुकान बंद. इथे अवे मेसेज बिनधास्त लावा, तो फक्त बंद वेळेत जाईल असं सेट करता येतं. पण दोन पथ्यं. एक, फोनला नेट असेल तरच तो जातो. रात्री वाय-फाय बंद करून फोन ड्रॉवरमध्ये टाकला, तर काहीच जाणार नाही. दोन, पाळता येईल तेवढाच वायदा करा. ‘लवकरच संपर्क करू’ म्हणजे कधी? त्यापेक्षा:

“नमस्कार! दुकान आता बंद आहे. काय हवंय ते एका ओळीत लिहून ठेवा: नवीन चप्पल, ऑर्डर, की तक्रार. उद्या सकाळी 11 च्या आत उत्तर देतो.”

मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसणाऱ्यांना इथे एक जास्तीचं टेन्शन आहे. तुमची कंपनी अॅपऐवजी व्हॉट्सअॅपचा बिझनेस प्लॅटफॉर्म वापरत असेल, तर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून 24 तासच मोकळेपणाने लिहिता येतं. नंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेला ठरीव मजकूर पाठवता येतो. शनिवारी दुपारी आलेलं ‘हाय’ सोमवारी सकाळी उघडलं, तर ‘सॉरी, उशीर झाला, बोला’ एवढंही मनाने लिहिता येणार नाही.

आणि तरीही गप्प बसला तर?

दुसऱ्या दिवशी एकदाच विचारा: “काल तुमचा मेसेज आला होता. काही हवं असेल तर सांगा, मी इथेच आहे.” यापुढे नाही. तिसऱ्यांदा विचारलं की तुम्ही ब्लॉक!

आपलं उत्तर चालतंय की नाही, हे कळायची युक्तीही सोपी आहे. नुसत्या ‘हाय’ने सुरू झालेल्या चॅटला एक लेबल लावा. आठवड्याने बघा, त्यातल्या किती जणांनी दुसरा मेसेज लिहिला. निळ्या टिका दिसतायत आणि उत्तर नाही, असं बहुतेक ठिकाणी असेल, तर गिऱ्हाईकात नाही, तुमच्या पहिल्या वाक्यात गडबड आहे. वाक्य बदला, पुन्हा आठवडाभर बघा. चांगलं जमलेलं वाक्य क्विक रिप्लाय म्हणून साठवून ठेवा. मग `/` टाईप करून शॉर्टकट निवडला की काम झालं. आणि इन्स्टावर जी व्हॉट्सअॅपची लिंक देता, तिच्यात ‘मला चपलेबद्दल विचारायचं आहे’ असा मजकूर आधीच भरून ठेवता येतो. मग अर्धी ‘हाय’ जन्मालाच येत नाहीत.

जाता जाता एक सावधगिरी. ‘हाय’नंतर दुसऱ्याच मेसेजला पन्नास जोडांची ऑर्डर, घासाघीस शून्य, आणि ‘पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा’ असं आलं, तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार.

त्या दुपारी मित्राने सहर्ष स्वागत काढून टाकलं. फुलंही गेली. सांगलीच्या ताईंना त्याने लिहिलं: “सकाळी तुमचा मेसेज माझ्याकडून बघायचा राहिला, चूक माझी. उसवलेला जोड कधीही आणून द्या, पट्टा शिवून देतो, पैसे नाहीत.” निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

बुधवारी त्याचा मला फोन. “अरे, सांगलीचं ‘Hi’ आलंय परत. काय लिहू?”

“वर सरकवलंस का?”

“सरकवलं की. लिहितो, लग्न नीट पार पडलं का म्हणून.”

आता ह्याला मी काय शिकवणार, बॉस?