‘ग्रॅन’च्या आड

पावसाळ्यात घरात ताप शिरला की रिपोर्ट येताच एकच प्रश्न विचारला जातो: ‘पेशी किती?’ या पेशी म्हणजे प्लेटलेट. डेंग्यूने आपल्याला ही सवय लावली. नजर थेट त्या ओळीवर जाते. मग पांढऱ्या पेशींचा आकडा पाहिला जातो. तो मर्यादेत असला की घर निवांत होते. त्याच कागदावर ‘ग्रॅन’ असा एक छोटा शब्द छापलेला असतो. त्याच्याकडे घरचे पाहत नाहीत, आणि पुष्कळदा डॉक्टरही पाहत नाहीत.

मुळशी तालुक्यातल्या उरवड्यातली पंचावन्न वर्षांची एक शेतकरीण डोळ्यांपुढे आणू. तिला मधुमेह आहे. भातलावणी चालू आहे. तीन दिवस ताप आणि थंडी आहे. कंबर धरली आहे, पण लावणीच्या दिवसांत कोणाची कंबर धरत नाही? चौथ्या दिवशी गावातल्या दवाखान्यात साडेदहाला रक्त काढले. जांभळ्या बुचाची नळी पिशवीत पडली, पिरंगुटमार्गे पुण्याकडे निघाली आणि इतर दवाखान्यांचे नमुने गोळा होत होत दुपारी चारच्या सुमारास यंत्रापाशी पोचली. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.२. पांढऱ्या पेशी ८,९००. प्लेटलेट १ लाख ३० हजार. ग्रॅन ८६ टक्के. खाली नेहमीचे ठरीव वाक्य: पांढऱ्या पेशी सामान्य, अपरिपक्व पेशी आढळल्या नाहीत.

घराने हिशेब केला. ताप, अंगदुखी, प्लेटलेट जरा कमी, म्हणजे डेंग्यूच. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे जंतुसंसर्ग नाही. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, परवा पुन्हा पेशी तपासू.

हा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे: जंतूंचा मोठा हल्ला झाला की पांढऱ्या पेशी वाढतातच. बहुतेक वेळा वाढतात. पण हल्ला फार जोराचा असला की आकडा मर्यादेत राहू शकतो, किंवा खालीही येऊ शकतो. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात मोजके तास राहतात आणि तिथून संसर्गाच्या जागी जातात. त्यांचा मोठा साठा हाडांच्या मज्जेत असतो. मागणी वाढली की आधी तिथल्या तयार पेशी बाहेर पडतात आणि आकडा चढतो. मागणी थांबलीच नाही तर तयार माल संपतो आणि मज्जा अर्धवट तयार पेशी पाठवू लागते. त्याच वेळी रक्तातल्या पेशी भराभर ऊतींमध्ये जात असतात. आवक आणि जावक बरोबरीची झाली की यंत्राला ८,९०० दिसतात. आकडा सामान्य दिसतो, पण त्यातल्या पेशी सामान्य नसतात.

या अर्धवट पेशी ओळखायच्या त्यांच्या केंद्रकावरून. पूर्ण वाढलेल्या न्यूट्रोफिलचे केंद्रक तीन-चार पाळ्यांचे असते आणि त्या पाळ्या बारीक धाग्यांनी जोडलेल्या असतात. त्याआधीच्या टप्प्यावर पाळ्या पडलेल्या नसतात. केंद्रक नालेच्या आकाराच्या सलग पट्टीसारखे दिसते. ती बँड पेशी. तिच्याही आधीची मेटामायलोसाइट, जिचे केंद्रक मूत्रपिंडाच्या आकाराचे. जर्मन डॉक्टर योसेफ आर्नेट यांनी १९०४ मध्ये पाळ्यांच्या संख्येनुसार न्यूट्रोफिलची वर्गवारी मांडली. त्यांच्या तक्त्यात कोवळ्या पेशी डाव्या बाजूला होत्या. संसर्गात गर्दी त्या बाजूला सरकते. ‘लेफ्ट शिफ्ट’ हा शब्द तिथून आला.

आता ‘ग्रॅन’कडे येऊ. छोट्या लॅबमध्ये अजूनही बरीच यंत्रे पांढऱ्या पेशींचे फक्त तीन ढीग करतात: लहान, मध्यम, मोठ्या. मोठ्या पेशींच्या ढिगाचे नाव ग्रॅन. त्यात पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल असतात, बँड असतात, मेटामायलोसाइटही असतात. यंत्राला पाळ्या दिसत नाहीत, धागे दिसत नाहीत. मोठ्या लॅबमधली पाच भागांची यंत्रे ‘लेफ्ट शिफ्ट असू शकेल’ अशी खूण देतात खरी, पण ती खूण रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सूचना असते. काच पाहण्याला ती पर्याय नाही. काही यंत्रे अपरिपक्व पेशींची टक्केवारीही छापतात, मात्र त्या टक्केवारीत बँड धरलेले नसतात. हे किती जण लक्षात ठेवतात?

आपल्या शेतकरणीच्या रक्ताची काच कोणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली असती तर शंभर पेशींचा हिशेब असा लागला असता: पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल ५२, बँड २८, मेटामायलोसाइट ६, लिम्फोसाइट १०, मोनोसाइट ४. पहिल्या तिघांची बेरीज ८६. यंत्र चुकलेले नाही. त्याने ८६ ही बेरीज बरोबर दिली आहे. बँड निरोगी माणसात साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आत असतात. इथे २८ आहेत आणि ते त्या बेरजेत दडले आहेत. ‘अपरिपक्व पेशी आढळल्या नाहीत’ हे खालचे वाक्य मात्र कोणत्याही काचेवरून आलेले नाही. ते साच्यातून आले आहे. आमचा आक्षेप यंत्रावर नाही, या वाक्यावर आहे. जे पाहिले नाही ते आढळले नाही असे लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्याच काचेवर आणखी दोन खुणा दिसल्या असत्या. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रव्यात गडद जांभळट, जाडसर कण. हे कण पेशीच्या बालपणीच तयार होतात आणि सावकाश वाढीत त्यांचा गडद रंग फिका पडत जातो. घाईने बाहेर ढकललेल्या पेशीत तो तसाच राहतो. हेच टॉक्सिक ग्रॅन्युलेशन. नाव विषाचे, पण कारण घाईचे. दुसरी खूण म्हणजे पेशीच्या कडेजवळ फिकट निळसर ठिपका, १९११ मध्ये डोले यांनी वर्णन केलेला. तोही अपुऱ्या वाढीचाच अवशेष. बँडची गर्दी, गडद कण आणि डोलेचे ठिपके एकत्र दिसले, समोर तापाने फणफणलेली मधुमेही बाई असली, तर डेंग्यूचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. धरलेली कंबर मग लावणीची राहत नाही. मूत्रपिंडाच्या संसर्गाची शंका येते. १ लाख ३० हजार प्लेटलेटचाही अर्थ बदलतो, कारण रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गातही प्लेटलेट उतरतात. नाडी, रक्तदाब आणि मिनिटाला श्वास किती, हे लगेच पाहायचे. लघवीचे आणि रक्ताचे कल्चर घ्यायचे, अँटिबायोटिक सुरू करायचे आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे. ‘परवा पुन्हा पेशी’ इतका वेळ तिच्याकडे नाही.

या खुणांना मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. बँड कशाला म्हणायचे यावर दोन अनुभवी माणसांचेही मत जुळत नाही. शंभर पेशींच्या मोजणीत दहा टक्के आले, तर खरा आकडा चारपासून अठरापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून आज नऊ आणि उद्या बारा यात काही अर्थ काढू नये. अठ्ठावीसची गोष्ट वेगळी. गडद कण भाजल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, गरोदरपणात आणि मज्जेला चालना देणाऱ्या इंजेक्शनांनंतरही दिसतात. शिवाय रंग जास्त वेळ राहिला की सगळीच काच गडद होते. अशा वेळी शेजारच्या लिम्फोसाइट आणि तांबड्या पेशी पाहाव्यात. त्याही काळवंडल्या असतील तर दोष रंगाचा. खरे टॉक्सिक कण सगळ्या न्यूट्रोफिलमध्ये सारखे नसतात, काहींत दाट आणि काहींत विरळ असतात.

काही जण म्हणतील, हे सारे आता जुने झाले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेप्सिसच्या निकषांत पांढऱ्या पेशी १२,००० हून जास्त किंवा ४,००० हून कमी, अथवा कच्च्या पेशी १० टक्क्यांहून जास्त, असे लिहिले होते. २०१६ च्या नव्या व्याख्येने हे बाजूला ठेवून अवयवांच्या बिघाडावर भर दिला. ते योग्यच आहे. बँड मोजून कोणी सेप्सिसचे निदान करू नये. पण इथे प्रश्न निदानाच्या शिक्क्याचा नाही. ‘८,९००, म्हणजे संसर्ग नाही’ या चुकीच्या दिलाशाचा आहे. तो दिलासा काढून घ्यायला काच पुरेशी आहे. आणि त्या जुन्या निकषातले ‘अथवा’ नेमके अशाच बाईसाठी होते.

राहिली काचेची गोष्ट. चार वाजता त्या नळीतून काढलेली काच अर्धीच विश्वासाची. नळीतल्या औषधात रक्त साडेपाच तास राहिले की न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या पडू लागतात, केंद्रकाच्या कडा बिघडतात. पोकळ्या हीसुद्धा गंभीर संसर्गाची खूण आहे, पण फक्त ताज्या रक्तात. शिळ्या रक्तात ती प्रवासाची खूण असते. म्हणून काच उरवड्यातच ओढायला हवी, रक्त काढल्याबरोबर. एक थेंब, दुसरी काच तिरपी धरून एक सरळ ओढ. मुळशीच्या पावसात हवा ओली असते आणि काच सावकाश वाळली की पेशी बिघडतात. तेव्हा ती हलवून किंवा पंख्याखाली झटकन वाळवायची, दोन-तीन मिनिटे मिथेनॉलमध्ये बुडवायची, टोकाला पेन्सिलीने नाव आणि वेळ लिहायची आणि नळीबरोबर त्याच पिशवीतून पाठवायची. यात गावातल्या दवाखान्याला जमणार नाही असे काही नाही. पुण्यातल्या लॅबने ती रंगवायची आणि माणसाने पाहायची. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘सीबीसी’ एवढेच न लिहिता ‘ताप चौथा दिवस, मधुमेह, काच पाहून बँड कळवा’ असे लिहायचे. पाहणाऱ्याला काय शोधायचे ते कळले पाहिजे.

मग संध्याकाळच्या रिपोर्टात साच्यातल्या वाक्याच्या जागी दोन ओळी येतील: बँड २८, मेटामायलोसाइट ६, टॉक्सिक ग्रॅन्युलेशन स्पष्ट, डोलेचे ठिपके आहेत. काच सकाळी साडेदहाला ओढलेली. डॉक्टरांना फोन केला.