दारातून परत गेलेले पार्सल

कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल दारातून परत पाठवले तर आपल्या खिशातून एक रुपयाही जात नाही. त्यामुळे "नको, घेऊन जा" म्हणताना कुणाला फारसे काही वाटत नाही. माल परत गेला, विकणाऱ्याला मिळाला, हिशेब संपला, असाच आपला समज असतो. आमचाही बरेच दिवस तसाच होता. मग आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या अम्मीने आपली वही आमच्यापुढे उघडली.

या आपा मालेगावच्या. घरात दोन शिलाई मशीन, मदतीला धाकटी जाऊ. अबाया शिवतात, मोबाइलवर फोटो टाकतात, आणि मराठवाड्यापासून कोकणापर्यंतच्या बायका मेसेज करून मागवतात. दुकान नाही, भाडे नाही, त्यामुळे धंदा बिनधोक वाटतो. वहीत मात्र दोन रंगांच्या शाईने नोंदी होत्या. निळ्या म्हणजे पोहोचलेल्या, लाल म्हणजे परत आलेल्या.

आधी निळा हिशेब पाहू. अबायाची किंमत 900 रुपये. कापड 380, शिलाई 170, बटणे, लेस, धागा मिळून 30. म्हणजे वस्तू तयार होते 580 रुपयांत. पिशवी, चिकटपट्टी आणि छापील चिठ्ठी 20 रुपये. कुरियरचे जायचे भाडे 80, आणि दारात रोख गोळा करून आणण्याचे वेगळे 40. बेरीज 720. हातात उरतात 180 रुपये.

आता लाल. जायचे भाडे 80 द्यावेच लागते, कारण गाडी गेली, माणूस दारापर्यंत गेला. परत येण्याचे भाडे 70. पिशवी फाडली की वाया, ते 20. रोख गोळा करण्याचे 40 रुपये आपांची कंपनी परत आलेल्या पार्सलवर लावत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. तरी 170 रुपये गेले. म्हणजे एक पार्सल परत आले की एका विकलेल्या अबायाची जवळजवळ सगळी कमाई पुसली जाते. आपा म्हणाल्या, "टीचर, लोकांना वाटतं माल तर परत मिळाला. पण त्या दिवशी मी फुकट शिवलेलं असतं."

एका महिन्यात त्यांनी 20 अबाया पाठवल्या. 14 पोहोचल्या, 6 परत आल्या. 14 गुणिले 180 म्हणजे 2520. त्यातून 6 गुणिले 170, म्हणजे 1020 वजा. हातात आले 1500. सगळ्या पोहोचल्या असत्या तर 3600 आले असते. वीसपैकी सहाच परत आल्या, पण कमाई निम्म्याहून खाली गेली. आणि वीसपैकी दहा परत आल्या असत्या तर? आम्ही वहीच्या कोपऱ्यात मांडून पाहिले: फक्त 100 रुपये उरतात. आमच्या आठवीच्या पोरांना नफा-तोट्याचे गणित शिकवताना आम्ही आता हेच उदाहरण देतो.

वहीत न दिसणारी एक गोष्ट वेगळीच आहे. परत निघालेले पार्सल लगेच येत नाही. कुरियरवाला साधारण तीनदा प्रयत्न करतो, मग ते उलट्या वाटेला लागते, आणि आपांच्या हाती पडेपर्यंत कधी कधी तीन आठवडे होतात. कंपनीच्या पडद्यावर त्याला आर.टी.ओ. म्हणतात. आपल्याला ते गाड्यांच्या परवान्याचे ऑफिस वाटते, इथे अर्थ आहे 'पाठवणाऱ्याकडे परत'. सहा अबाया म्हणजे 3480 रुपयांचा माल रस्त्यावर अडकलेला. पोहोचलेल्यांचे पैसेही कंपनी आठ-दहा दिवसांनी खात्यात टाकते. कापडवाल्याला मात्र त्याचे पैसे ठरल्या तारखेला हवे असतात.

ही पद्धत आपल्याकडे नवी आहे असेही नाही. जुन्या वाचकांना व्ही.पी.पी. आठवत असेल. उर्दू किताबा पोस्टाने यायच्या आणि पोस्टमनला पैसे दिल्यावरच पुडके हातात पडायचे. ते पुडके सोडवून घेतले नाही की किताबवाल्याचा टपालखर्च बुडायचा. 2010 मध्ये फ्लिपकार्टने रोख घेऊन माल देणे सुरू केले आणि मग ती सवय घराघरात पसरली. मोठ्या कंपनीला हा खर्च हजारो पार्सलांवर वाटून टाकता येतो. आपांना तो सहा अबायांचा तोटा चौदांवरच टाकावा लागतो.

लोक पार्सल का परत करतात? आपांनी पुढच्या काळात प्रत्येक लाल नोंदीसमोर कारण लिहायला सुरुवात केली. सरळ मन बदलले, असे त्यात फार थोडे होते. मागवले मुलीने, ती कॉलेजात गेली, दार उघडले दादीने, आणि दादीजवळ 900 रुपये नव्हते. किंवा मियाँ घरी होते, त्यांना काही माहीतच नव्हते, त्यांनी "आमचं नाही" म्हणून परत पाठवले. एकीने दोन ठिकाणी मागवले होते आणि आधी आले ते ठेवून घेतले. रात्री अकरानंतर आलेल्या ऑर्डरी जास्त परत येतात, हेही त्यांच्या ध्यानात आले. आणि एक कारण आम्हाला रास्त वाटते: पैसे देण्याआधी उघडून पाहू देत नाहीत, फसवणुकीच्या बातम्या रोज कानावर येतात, मग भीती वाटते.

यावर एका वाचक भगिनीने आमच्याशी हुज्जत घातली होती की न पाहिलेली वस्तू पाहून नाकारायचा हक्क तर शरीअतच देते. बरोबर आहे. हनफी फिकहमध्ये त्याला खियार-ए-रूयत म्हणतात. पण तो हक्क पाहिल्यानंतरचा आहे. इथे बहुतेक पुडके उघडलेच जात नाही. वस्तू नापसंत पडली असे म्हणायला ती दिसली तरी पाहिजे.

सगळ्या लाल नोंदी गिऱ्हाइकाच्या नसतात, हेही सांगायला हवे. पडद्यावर 'ग्राहकाने नकार दिला' असे येते, पण कधी कधी पोऱ्या त्या गल्लीत गेलेलाच नसतो. दिवस संपत आला, पिशवीत पार्सले उरली, की तो तसा शेरा टाकून मोकळा होतो. आपांनी हे ओळखायची एक साधी रीत काढली. शेरा आला की लगेच गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचे, आज तुम्हाला कुरियरचा फोन आला होता का? नसेल, तर तिच्या मोबाइलमधल्या आलेल्या फोनांच्या यादीचा फोटो मागवायचा आणि तो कंपनीला पाठवून पुन्हा फेरी मारायला सांगायचे. शेरा रात्री नऊला पडला असेल आणि गाव तालुक्यापासून लांब असेल, तर संशय आणखी पक्का. उत्तर मात्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावे लागते. उशीर झाला की पार्सल परतीला लागते आणि मग ते कुणाच्या बापाने थांबत नाही. पोऱ्यालाही फार दोष देऊ नये. बऱ्याच ठिकाणी त्याला पोहोचलेल्या पार्सलाप्रमाणे पैसे मिळतात, आपण दारातून परत पाठवले की त्याचीही फेरी बुडते.

आधी त्या अबाया पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवत, दिसायला छान म्हणून. कुरियरचे भाडे अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढते, आणि खोके मोठे असेल तर वजन काट्यावर न धरता मापावर धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचे. 30, 25 आणि 10 चे खोके असेल तर दीड किलो भरते, आत अबाया अर्धा किलोची का असेना. हे जादा भाडे जाताना लागते आणि परत येतानाही. वर दिलेला 80 आणि 70 चा हिशेब साध्या प्लास्टिकच्या पिशवीचा आहे. खोक्यात पाठवली असती तर एका परतीने दोन अबायांची कमाई नेली असती.

मग आपांनी काय केले? आधी फक्त एक मेसेज सुरू केला. ऑर्डर आली की दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचे: माप हेच ना, पार्सल कधी येईल तेव्हा घरी कोण असेल, आणि त्यांच्याजवळ पैसे ठेवाल ना? रात्रीच्या ऑर्डरींपैकी काहींचे उत्तरच येत नाही. त्या पाठवायच्याच नाहीत. परतीचे 170 रुपये तिथेच वाचले.

नंतर 100 रुपये आगाऊ मागायला लागल्या, बाकीचे 800 दारात. दारातून नाकारले तर ते 100 परत मिळणार नाहीत, पण शिलाईत किंवा कापडात दोष निघाला तर पूर्ण पैसे परत, हे आधीच लिहून कळवतात. पहिल्या महिन्यात ऑर्डरी वीसवरून तेरावर आल्या. घरात सगळे चिडले, धाकट्या जावेने मशीनच बंद केले. पण त्या तेरांपैकी एकच परत आली. 12 गुणिले 180 म्हणजे 2160. परतीचे 170 गेले, पण त्यातले 100 आगाऊ आलेले होते, म्हणून तोटा 70 चा. उरले 2090. सात अबाया कमी शिवून सुमारे सहाशे रुपये जास्त.

ही युक्ती नव्या विक्रेत्याला तितकीशी चालत नाही. ज्यांचे नाव कुणी ऐकलेले नाही त्यांना 100 रुपये आगाऊ द्यायला गिऱ्हाईक कचरते, आणि त्यात त्याची चूकही नाही. आपांना ते जमले, कारण त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी अबाया घालून काढलेले फोटो त्यांच्याकडे होते आणि कुणी विचारले तर त्या व्हिडिओ कॉल करून कापड दाखवत. रोज दहा-दहा मिनिटांचे असे चार कॉल, हाही खर्चच म्हणायचा, तो वहीत लिहिलेला नाही.

परत आलेले पार्सल त्या आता मोबाइलचे रेकॉर्डिंग चालू ठेवूनच उघडतात. एकदा आतून अबायाऐवजी जुनी ओढणी निघाली होती आणि कंपनीने पुरावा मागितला होता. माल ठीक असेल तर इस्त्री करून तो त्याच मापाच्या पुढच्या ऑर्डरला लावतात. खास उंचीला शिवलेली अबाया मात्र तशीच पडून राहते. घरात अशा तीन टांगलेल्या आम्ही पाहिल्या, एक फार लांब, दोन फार आखूड.

रमजानसाठी त्यांचा नियम वेगळा आहे. पंधराव्या रोज्यानंतर दारात पैसे घेऊन काहीच पाठवत नाहीत, पूर्ण पैसे आले तरच. तेव्हा निघालेले पार्सल परत फिरले तर ते हाती येईपर्यंत ईद होऊन गेलेली असते, आणि ईदसाठी शिवलेली जरीची अबाया मग बकरी ईदपर्यंत कुणी विचारत नाही.