शेवटच्या ओळीतले २३ टक्के

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले काही आकडे व्यासपीठावरून बोलणाऱ्यांना आता पाठ झाले आहेत. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात पाच वर्षांखालची ४६ टक्के मुले वाढ खुंटलेली आढळली, सर्वांत श्रीमंत हिश्श्यात २३ टक्के. आईच्या शिक्षणाचेही तसेच. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आयांच्या मुलांत ४६, बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांच्या मुलांत २६. एवढे सांगितले की भाषण संपते. मुली शिकवा, घरात चार पैसे येऊ द्या, मुलांची उंची आपोआप वाढेल.

त्या २३ वर मात्र कोणी थांबत नाही. वाढ खुंटल्याची रेघ अशा जागी ओढली आहे, की चांगल्या वाढणाऱ्या मुलांतही शंभरात दोन-एक तिच्या खाली राहणारच. दोन वर्षांच्या मुलीची मधली उंची ८५.७ सेंटिमीटर, ७९.३च्या खाली गेली की ती वाढ खुंटलेली. देशातल्या सर्वांत सुस्थितीतल्या घरांत दोनाच्या जागी तेवीस मुले या रेघेखाली आहेत. तरीही तक्त्यातली ही ओळ आपण यशाची म्हणून वाचतो.

मोजपट्टीच परकी आहे, असा एक युक्तिवाद आहे. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३मध्ये तो जोरात मांडला होता. पण ही मोजपट्टी ज्या सहा देशांतल्या मुलांवरून तयार झाली, त्यांत भारतही आहे. दक्षिण दिल्लीतली सुखवस्तू, शिकल्यासवरल्या घरांतली ती मुले नॉर्वे-अमेरिकेतल्या मुलांच्या जवळपास बरोबरीने वाढली. तेव्हा आपला वंशच बुटका, हे कारण फार वेळ टिकत नाही.

मग हे ‘श्रीमंत’ आहेत तरी कोण? पाहणीत घराचे उत्पन्न विचारत नाहीत. फरशी कसली, संडास कसला, पाणी कुठून येते, स्वयंपाक कशावर होतो, फ्रीज, टीव्ही, दुचाकी आहे का, हे टिपतात. त्यावरून गुण पडतात, गुणांप्रमाणे सगळ्या घरांची रांग लावली जाते आणि वरचा पाचवा हिस्सा श्रीमंत ठरतो. तालुक्याच्या गावातले स्लॅबचे घर घ्या. गॅस आहे, फ्रीज आहे, दारात स्कूटर आहे, सून बारावी झालेली आहे. हे घर तक्त्याच्या सर्वांत चांगल्या दोन्ही ओळींत सहज बसेल. त्याच घरात दहा महिन्यांच्या बाळाला वरणाचे वरवरचे पाणी आणि चहात बुडवलेले बिस्किट मिळत असेल, तर त्याने घराचा एकही गुण कापला जात नाही. वाटीत काय आहे, हे पाहणी विचारते; पण वेगळ्या तक्त्यासाठी. त्या तक्त्यानुसार सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो. श्रीमंत म्हणवणारी घरे टक्केवारीने याच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

आईच्या शिक्षणाचा आकडा आणखी अडचणीचा आहे. बारावी झालेल्या आयांच्या मुलांत चौथ्या फेरीत, २०१५-१६मध्ये, २४ टक्के वाढ खुंटलेली होती. पाचव्या फेरीत ती २६ झाली. शिक्षण वाढले, आकडाही वाढला. यात जादू नाही. दहा वर्षे तरी शाळा शिकलेल्या स्त्रिया या काळात ३५.७ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर गेल्या. पूर्वी ‘बारावी पास’ या शिक्क्यामागे बहुधा बऱ्यापैकी माहेर, पोटभर बालपण आणि उशिरा झालेले लग्न असे. आता शिक्का अधिक जणींपर्यंत पोचला, मागचे सगळे त्याच्याबरोबर आलेच असे नाही. उंचीचे जे श्रेय आपण शाळेला देत होतो, त्यातला काही वाटा त्या माहेराचा होता.

आईची स्वतःची उंचीही याच पाहणीत, त्याच घरात मोजतात. २००५-०६च्या पाहणीवर डॅनियल कोर्सी, एस. व्ही. सुब्रमणियन आदी संशोधकांनी केलेल्या विश्लेषणात वाढ खुंटण्याशी जोडलेल्या पहिल्या पाच गोष्टींमध्ये आईचे शिक्षण आणि घरची गरिबी आहेच. पण आईची कमी उंचीही आहे. व्यासपीठावर ती कधी ऐकू येत नाही. तिच्यावर योजना काढणे अवघड आहे. आज बारावीची गुणपत्रिका घेऊन सासरी आलेल्या मुलीच्या उंचीची दिशा ती शाळेत जाण्यापूर्वीच, दोन-अडीच वर्षांची होईपर्यंत, बरीचशी ठरून गेली होती. तेव्हा तिच्या वाटीत काय होते, हे गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते.